निवड दुसऱ्याची झाली. मग साहेबांना काय विचारावे?

यवतमाळ जिल्ह्यात खाजगी नोकरीच्या मुलाखतीचा निकाल बहुधा कागदावर येत नाही. पुसद, दिग्रस, वणी किंवा पांढरकवड्याच्या एखाद्या जिनिंगमध्ये, कृषी केंद्रात, पतसंस्थेत किंवा दवाखान्याच्या कार्यालयात मुलाखत होते. चार-आठ दिवस जातात आणि कोणाकडून तरी कळते की जागा भरली. कधी फोन केल्यावर पलीकडून सांगतात, "दुसऱ्या माणसाला घेतलं, तुमचं पुढच्या वेळी बघू." येथे आमचे बहुतेक तरुण फोन ठेवतात आणि विषय संपवतात. घरी विचारले तर उत्तर तयार असते, वशिला नव्हता. काही घरांत वडील किंवा चाचा ओळखीच्या पुढाऱ्याकडे धाव घेतात.

आमच्या मते या दोन्ही वाटांनी हाती काही लागत नाही. तिसरी एक वाट आहे आणि ती फार थोडे लोक धरतात. ज्याने मुलाखत घेतली त्यालाच, जागा भरल्यानंतर, मशवरा मागणे. आम्ही येथे सिफारशीबद्दल बोलत नाही, फेरविचाराच्या अर्जाबद्दलही नाही. पुढच्या वेळी आपली बाजू भक्कम व्हावी म्हणून काय शिकावे, एवढेच विचारायचे आहे. ऐकायला हे सोपे वाटते, पण दहातले नऊ जण ते अशा रीतीने विचारतात की समोरच्याला खरे बोलताच येत नाही. म्हणून या एका गोष्टीवरच आज लिहावे असे वाटले.

मुलाखत घेणाऱ्याची अडचण आधी समजून घ्यावी. निवड न झालेल्या उमेदवाराचा फोन आला की त्याच्या मनात पहिली भीती वादाची असते. मी एक कारण सांगीन, हा त्यावर दहा मुद्दे मांडील, उद्या बाजारात सांगत सुटेल की साहेबांनी मला असे म्हटले. दुसरी अडचण वेळेची. तिसरी अशी की तालुक्याच्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात. निवडलेला मुलगा कोणाचा तरी भाचा असतो आणि न निवडलेलाही कोणाचा तरी असतो. म्हणून "माझ्यात काय कमी होतं?" असा प्रश्न आला की साहेब म्हणतात, "काही नाही, चांगलं झालं होतं, फक्त अनुभव थोडा कमी पडला." हे उत्तर आम्ही इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की त्याला उत्तर म्हणणे धाडसाचे होईल. तो दार लोटून घेण्याचा सभ्य प्रकार आहे.

दार उघडे राहावे असे वाटत असेल तर प्रश्न बदलावा लागतो. स्वतःबद्दल निकाल मागू नये, कामाबद्दल विचारावे. "मी कुठे कमी पडलो" असे विचारले की समोरच्याला आपल्यावर दोष ठेवावा लागतो, आणि ते कोणालाही आवडत नाही. "या कामाला लागणारी अशी कोणती गोष्ट मी पुढच्या हंगामापर्यंत शिकून घेऊ?" असे विचारले की त्याला फक्त कामाबद्दल बोलायचे असते. आपल्या कामाबद्दल बोलायला कोणत्याही जाणत्या माणसाला आवडते. त्याहूनही चांगला प्रश्न म्हणजे मुलाखतीत आपण जेथे अडलो ती नेमकी जागा धरून केलेला. पण त्यासाठी मुलाखतीत काय काय विचारले होते हे आठवायला हवे, आणि निकाल कळेपर्यंत ते विसरलेले असते. म्हणून आमचा आग्रह आहे की मुलाखत आटोपून बाहेर पडल्यावर, चहाच्या टपरीवर बसून का होईना, विचारलेले सर्व प्रश्न त्याच दिवशी वहीत उतरवून घ्यावेत. आपण काय उत्तर दिले तेही लिहावे. ही वही नसेल तर पुढे सांगितलेले काहीच नीट करता येत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. दिग्रसकडील एका तरुणाचे हे प्रकरण आमच्या परिचयातील आहे. त्याचे आणि कारखान्याचे नाव देण्याचे कारण नाही. मुलगा बी.कॉम. झालेला, टॅलीचा तीन महिन्यांचा कोर्स केलेला. एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात हिशेबनिसाची जागा होती. जिनिंगचा हंगाम दसरा-दिवाळीपासून सुरू होतो, म्हणून अशा जागा भाद्रपदातच भरतात. मुलाखत मॅनेजरांनी आणि कारखान्याचे हिशेब पाहणाऱ्या सी.ए.च्या सहाय्यकाने मिळून घेतली. पाऊण तास चालली. आठ दिवसांनी कळले की दुसऱ्या मुलाला घेतले.

मुलाचा पहिला विचार फोन करण्याचा होता. त्याच्या मामांनी त्याला थांबवले, आणि ते योग्यच केले. फोनवर माणूस कोठे, कशात गुंतला आहे ते आपल्याला दिसत नाही. काट्यावर गाड्या उभ्या असताना कोणी असा प्रश्न विचारला तर चांगला माणूसही "नंतर बघू" म्हणतो, आणि ते नंतर कधी येत नाही. लिहून पाठवले तर तो सवडीने वाचतो आणि उत्तर देण्यापूर्वी विचारही करतो. मुलाने निकाल कळल्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर हा मजकूर पाठवला. आम्ही तो पाहिला आहे म्हणून जवळजवळ जसाच्या तसा देतो.

"आदाब सर. मी हिशेबनिसाच्या जागेसाठी आपल्याकडे आलो होतो. दुसऱ्या उमेदवाराची निवड झाल्याचे कळले. मला बोलावून पाऊण तास दिलात याबद्दल आभारी आहे. निर्णयाबद्दल माझे काही म्हणणे नाही. आपण शंभर क्विंटल कापसाच्या गाठींचा प्रश्न विचारला होता, तो मला आला नाही. जिनिंगच्या हिशेबाचे काम शिकायचे असेल तर कोठून सुरुवात करावी, हे आपल्या सवडीने दोन ओळींत सांगितलेत तर मोठा उपयोग होईल."

या मजकुरात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. निर्णयाबद्दल काही म्हणणे नाही हे वाक्य पहिल्या भीतीवर औषध आहे, आणि ते प्रश्नाच्या आधी आले आहे. प्रश्न एकच आहे आणि तो मॅनेजरांच्या स्वतःच्या प्रश्नाला धरून आहे, म्हणजे मुलाने लक्ष देऊन ऐकले होते हे न सांगता कळते. तिसरे म्हणजे भेटीची मागणी नाही. भेट मागितली की समोरच्याला अर्ध्या तासाचे ओझे दिसते. दोन ओळी मागितल्या तर तो कधीकधी स्वतःहून भेटायला बोलावतो. येथे तसेच झाले. तिसऱ्या दिवशी उत्तर आले, "उद्या पाच वाजता या, दहा मिनिटं आहेत."

आता मूळ प्रश्न काय होता ते सांगतो, कारण त्यातच सगळे रहस्य आहे. मॅनेजरांनी विचारले होते, "शंभर क्विंटल कापूस घेतला, तर गाठी किती पडतील?" मुलाने शंभर क्विंटलचे दहा हजार किलो केले, गाठ १७० किलोची हे त्याला ऐकून माहीत होते, भागाकार केला आणि ५८ गाठी सांगितल्या. सी.ए.चे सहाय्यक हसले होते. मुलाला वाटले, भागाकार चुकला. भागाकार बरोबर होता. चूक अशी की कापूस म्हणजे रुई नव्हे. शंभर किलो कापूस जिनमधून काढला की साधारण ३४ किलोच्या आसपास रुई निघते, बाकी बहुतेक सरकी आणि थोडी घट. या रुईच्या प्रमाणाला उतारा म्हणतात. ३४ चा उतारा धरला तर शंभर क्विंटलांत ३४ क्विंटल रुई, म्हणजे ३४०० किलो, आणि १७० ने भागल्यास २० गाठी. सरकी सुमारे ६४ क्विंटल आणि घट सुमारे २ क्विंटल.

मॅनेजरांनी त्या दहा मिनिटांत हेच समजावले, पण ते गणितावर थांबले नाहीत. ते म्हणाले, "भाऊ, गणित कोणीही शिकेल. मला हिशेबनीस असा पाहिजे की वीसच्या जागी एकोणीस गाठी लागल्या तर त्याच संध्याकाळी माझ्याकडे येऊन सांगेल." उतारा एका टक्क्याने घसरला तर हजार क्विंटल कापसामागे दहा क्विंटल रुई कमी पडते, म्हणजे जवळजवळ सहा गाठी. ती तूट कोठून आली हे हिशेबाच्या वहीतच प्रथम दिसते. कापूस ओला घेतला होता का, काट्यात फरक आहे का, सरकीला रुई चिकटून जाते आहे का, की गाठीच जास्त वजनाच्या बांधल्या जात आहेत? कॉटन कॉर्पोरेशनच्या हमीभाव खरेदीत कापसाचा ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात, आणि त्याहून ओला कापूस घेत नाहीत. ओलाव्याला एवढे महत्त्व का, हे उताऱ्याचा हिशेब पाहिल्यावर उमगते. आत आलेले पाणी वजनात मोजले जाते, पण गाठीत येत नाही.

दुसरी गोष्ट मुलाने विचारलीही नव्हती. मॅनेजरांनी स्वतःहून काढली. मुलाखतीत त्याला टॅलीत शेतकऱ्याकडून केलेल्या कापूस खरेदीची नोंद करायला सांगितली होती. त्याने खरेदीची नोंद केली आणि कर शून्य धरला, कारण शेतकऱ्याजवळ जीएसटी क्रमांक नसतो. वरवर पाहता हे बरोबर वाटते. पण नोंदणीकृत व्यापाऱ्याने शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला तर त्यावरील ५ टक्के कर उलट पद्धतीने, म्हणजे घेणाऱ्याने स्वतः भरायचा असतो. हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून आहे. समजा भाव ७५०० रुपये क्विंटल आहे आणि शंभर क्विंटल घेतला, तर खरेदी साडेसात लाखांची आणि कर ३७,५०० रुपये. हा कर शेतकऱ्याच्या पैशातून कापायचा नसतो, आणि आपल्याकडे जमा असलेल्या क्रेडिटमधूनही भरता येत नाही. तो रोखीच्या खात्यातून भरावा लागतो. भरल्यावर तेवढेच क्रेडिट घेता येते. म्हणजे शेवटी खर्च होत नाही, पण रोकड अडकते. हंगामात रोज लाखोंची खरेदी असते, त्यामुळे महिन्याच्या वीस तारखेला किती रोकड लागेल हे हिशेबनिसाने आधी सांगायला हवे. टॅलीच्या कोर्समध्ये मुलाला किराणा दुकानाची उदाहरणे शिकवली होती. त्यात हे कोठे येणार?

तिसरी गोष्ट सांगताना मॅनेजर थोडे थांबले, असे मुलगा म्हणाला. मुलाखतीत त्याला विचारले होते की हंगामात रात्री उशिरापर्यंत थांबावे लागेल, चालेल का? त्याने उत्तर दिले होते, "सर, मी कोणतंही काम कसंही करीन." मॅनेजर म्हणाले, "असं सगळेच म्हणतात. तू दिग्रसहून रोज कसा येशील, शेवटची बस कितीची, राहायचं झालं तर कुठे, हे सांगितलं असतंस तर मी विश्वास ठेवला असता. ज्याला घेतला त्याने मागच्या हंगामात एका काट्यावर काम केलं होतं आणि खोली कुठे घेणार तेही सांगितलं." निवडलेल्याबद्दल एवढीच माहिती मुलाला मिळाली. त्याने अधिक विचारले नाही, हे त्याचे शहाणपण. दुसऱ्याची लायकी मोजायला निघालो की मशवरा तेथेच थांबतो.

या दहा मिनिटांची किंमत काय, याचा विचार करावा. यापूर्वी मुलाच्या मनात होते की टॅलीचा आणखी एक मोठा कोर्स करावा. यवतमाळला त्याची फी भरून तो सहा महिने गेलाही असता. त्यातून उताराही कळला नसता आणि काटाही नाही. त्याला कमतरता संगणकाची वाटत होती. ती कापसाची होती. जी गोष्ट आपल्याला माहीतच नाही तिची उणीव आपल्याला स्वतःहून दिसू शकत नाही, आणि म्हणून ती समोर बसलेल्या माणसालाच विचारावी लागते. अर्ज करताना आपण जाहिरात वाचतो, पण जाहिरातीत "टॅलीचे ज्ञान आवश्यक" एवढेच असते. मालकाला प्रत्यक्ष काय हवे ते मुलाखतीतल्या प्रश्नांत असते.

पुढे काय झाले तेही सांगतो, नाहीतर वाचकांना वाटेल की लगेच सुखाचा शेवट झाला. मुलाने त्या हंगामात एका अडत्याकडे काट्यावर पावत्या लिहिण्याचे काम धरले. पगार हिशेबनिसाच्या पगारापेक्षा बराच कमी होता आणि घरी त्यावरून बोलणीही बसली. बी.कॉम. होऊन काटापट्टी लिहितो, असे शेजारी म्हणत. तेथे त्याने रोजची आवक, ओलावा आणि वजन यांची स्वतःची वही ठेवली. महिनाभराने त्याने मॅनेजरांना पुन्हा चार ओळी पाठवल्या की सांगितल्याप्रमाणे काट्यावर लागलो आहे, उताऱ्याचा हिशेब आता समजतो. उत्तर आले नाही. जानेवारीत मात्र त्याच मॅनेजरांनी दुसऱ्या गावच्या जिनिंगला त्याचे नाव सांगितले, कारण तेथला माणूस ऐन हंगामात सोडून गेला होता. मुलगा तेथे हिशेबनीस म्हणून नव्हे, मदतनीस म्हणून लागला. आज तो तेथेच आहे.

ते दुसरे पत्र आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. मशवरा घेऊन गेलेला माणूस त्याचे काय करतो हे देणाऱ्याला सहसा कधी कळत नाही. कळवले तर तो आपल्याला विसरत नाही. आणि हंगामी धंद्यात माणसे मध्येच सोडून जातात, त्यामुळे निवड न झालेल्यांपैकी कोणाचे नाव आठवते याला किंमत असते. पण हे मनात ठेवावे, पत्रात लिहू नये. "पुन्हा जागा निघाली तर माझा विचार करावा" हे वाक्य आले की आधीचा सगळा मजकूर अर्ज होतो.

चुका कोठे होतात तेही थोडक्यात सांगतो. सर्वात मोठी चूक म्हणजे उत्तर ऐकताना मध्येच आपली बाजू मांडणे. साहेब म्हणाले, "तुझं इंग्रजी पत्र कच्चं होतं," की लगेच, "नाही सर, त्या दिवशी ताप होता." ताप खरा असेलही. पण या वाक्यानंतर साहेब दुसरी उणीव सांगणार नाहीत. ऐकावे, लिहून घ्यावे, शुक्रिया म्हणून उठावे. दुसरी चूक वडिलांना किंवा गावातल्या कोणा वजनदार माणसाला विचारायला पाठवणे. हे आमच्याकडे फार चालते आणि प्रेमापोटीच चालते. पण मोठ्या माणसासमोर मुलाखत घेणारा मुलाची उणीव सांगत नाही, तारीफच करतो. तिसरी चूक, उत्तर आले नाही म्हणून पुन्हा पुन्हा फोन करणे. एकदा लिहावे, आठ-दहा दिवसांनी फार तर एकदा आठवण द्यावी आणि मग थांबावे. नागपूर-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांत तर असे सांगण्याची मनाईच असते. तेथे मनुष्यबळ विभागाचे ठराविक पत्र येते. अशा ठिकाणी त्या विभागाला न विचारता, मुलाखतीत ज्या इंजिनियरने किंवा सुपरवायझरने कामाचे प्रश्न विचारले होते त्याला विचारले तर कधीकधी उपयोग होतो.

मिळालेले उत्तर खरे की नुसते गोड, हे ओळखण्याची आमची एक साधी कसोटी आहे. त्या उत्तरावरून उद्या सकाळी काय करायचे हे ठरते का? "आत्मविश्वास वाढव" यावरून काही ठरत नाही. "काट्यावर एक हंगाम काढ" यावरून ठरते. शिवाय एकाच माणसाचे म्हणणे अखेरचे मानू नये. त्याची आवड-नावड त्यात मिसळलेली असते. तेच काम जाणणाऱ्या दुसऱ्या कोणाला, मुलाखतीचा उल्लेख न करता, विचारून पाहावे. दोघांनी एकच गोष्ट सांगितली तर ती धरावी.

येथे एक अवघड प्रश्न येतोच, आणि तो टाळणे बरे नव्हे. वाचक म्हणतील, आमचे नाव पाहूनच नाकारले असेल तर मशवऱ्याचा काय उपयोग? असे घडत नाही असे आम्ही म्हणणार नाही. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी एक पाहणी प्रसिद्ध केली होती. इंग्रजी वर्तमानपत्रांतील खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. मुस्लिम नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जाच्या तुलनेत एक तृतीयांशच भरली. दलित नावांची दोन तृतीयांश. ही वस्तुस्थिती आहे. पण ती पाहणी कोणत्या टप्प्याची होती हे लक्षात घ्यावे. ती अर्ज ते बोलावणे या टप्प्याची होती. ज्याला बोलावले, पाऊण तास बसवले, कामाचे बारीक प्रश्न विचारले, त्याचे नाव अर्जावर आधीच वाचलेले होते. त्याला नाकारण्याचे कारण प्रश्नोत्तरांत शोधण्यात अर्थ आहे. उलट तीन मिनिटांत आटोपलेली मुलाखत, जिच्यात गाव, वडील आणि मोहल्ला यांपलीकडे काही विचारलेच नाही, तिच्याबद्दल मशवरा मागायला जाऊ नये. तेथे जागा आधीच कोणाला तरी दिलेली होती, मग कारण नाव असो की मालकाचा मेहुणा. दोन्हींतला फरक आपल्या वहीवरूनच कळतो. वहीत कामाचा एकही प्रश्न नसेल तर वेळ घालवू नये.

सरकारी भरतीत ही वाट जवळजवळ बंद आहे, हेही सांगितले पाहिजे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि अराजपत्रित गट ब च्या पदांसाठी मुलाखतच काढून टाकली, त्यामुळे तेथे विचारायला कोणी उरत नाही. जेथे मुलाखत आहे तेथे मंडळाच्या सदस्याला गाठून विचारणे गैर आहे आणि त्याने उत्तर देणेही गैर आहे. तेथे स्वतःला मिळालेले गुण माहितीच्या अधिकारात मागावेत. अर्जाला दहा रुपये शुल्क आणि उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. त्यातून आकडा मिळतो. तो आकडा कसा वाढवावा हे मिळत नाही.

या दोन्हींच्या मध्ये आमच्या अनेक डी.एड., बी.एड. मुलामुलींचा प्रश्न आहे. पवित्र पोर्टलवरून खाजगी संस्थांच्या शाळांत मुलाखतीसह भरती होते तेव्हा मुलाखत आणि अध्यापन कौशल्याला ३० गुण असतात. तेथे उमेदवाराला पाठ घेऊन दाखवावा लागतो. संस्थाचालकांना विचारून फारसे मिळत नाही, कारण त्यांना पुढच्या तक्रारीची काळजी असते. पाठ पाहायला बसलेले मुख्याध्यापक किंवा विषयशिक्षक मात्र, नियुक्तीची कागदपत्रे पूर्ण झाल्यानंतर, पाठाबद्दल मोकळे बोलतात असा आमचा अनुभव आहे. त्यांनाही गुणांबद्दल विचारू नये. फळ्यावर काय लिहिले, मुलांना किती वेळा बोलते केले, पाठ कोठे लांबला, एवढेच विचारावे, आणि जमले तर त्यांच्याच शाळेत त्यांचा एखादा तास मागे बसून पाहण्याची परवानगी मागावी. परीक्षा सुरू होण्यापूर्वी गेले तर तास पाहायला मिळतो, नंतर शाळेत तासच होत नाहीत.